सिम माझ्याच फोनमध्ये होतं, मग नंबर गेला कसा?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग माझ्या मावशीच्या एका प्रश्नावर आहे. प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ एक आख्खी संध्याकाळ लागली. म्हटलं, तेच उत्तर तुम्हालाही सांगावं.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, २०२२ च्या आधीची. मावशी निवृत्त शिक्षिका. एका दुपारी तिला फोन आला, "मॅडम, तुमचं सिम जुनं झालंय, ते फोर-जीला अपग्रेड करायचंय, नाहीतर आज रात्री बंद पडेल." बोलणारा मुलगा अगदी सभ्य. त्याने ना पासवर्ड विचारला, ना ओटीपी, ना कार्डाचा नंबर. तो म्हणाला, मी एक मोठा आकडा पाठवतो, तो तुम्ही कंपनीच्या नंबरवर मेसेज करा, एवढंच. मावशीने केला. उलट एक मेसेज आला, त्यालाही तिने 'हो' म्हणून उत्तर दिलं. तासाभराने तिच्या फोनवरच्या नेटवर्कच्या दांड्या गेल्या. तिला वाटलं, अपग्रेड चालू असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बँकेत गेली तेव्हा खात्यातून चाळीस हजारांच्या वर रक्कम गेलेली होती.

मी भेटायला गेलो तेव्हा तिने फोनमधून सिम काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ. हे माझ्याच फोनमध्ये होतं. कोणी हात लावला नाही. कोणाला ओटीपी सांगितला नाही. मग माझा नंबर त्याच्याकडे गेला कसा? याची नक्कल केली का त्याने?"

मी मोबाइल नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तिला वाटलं की मी एका वाक्यात सांगेन. एका वाक्यातलं उत्तर असं आहे, की नाही, नक्कल केली नाही. नक्कल करणं जवळजवळ अशक्य होतं, म्हणूनच त्याने तुला फोन केला. पण हे वाक्य कळायचं तर त्या इवल्याशा चिपमध्ये नेमकं काय असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नसतं, ते बघावं लागतं.

चिपमध्ये काय असतं?

सिम म्हणजे मेमरी कार्ड नव्हे. तो एक छोटा संगणक आहे. त्या सोनेरी चौकटीच्या मागे स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, त्यात प्रोग्रॅम चालतो. त्याला बॅटरी नाही, त्यामुळे वीज फोनकडून येते. सोनेरी पट्ट्यांपैकी एकीतून वीज, एकीतून घड्याळाचे ठोके, एकीतून माहितीची देवाणघेवाण. फोन प्रश्न विचारतो, सिम उत्तर देतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत यात आहे. फोनला सिमच्या मेमरीत थेट डोकावता येत नाही. फोन फक्त विनंती करू शकतो. कोणती विनंती मान्य करायची आणि कोणती नाही, हे सिम ठरवतं.

आत ज्या गोष्टी आहेत त्यांतल्या तीन आपल्या कामाच्या.

पहिली, आयसीसीआयडी. हा कार्डाचा स्वतःचा अनुक्रमांक. एकोणीस-वीस आकडी असतो, बहुतेक कार्डांवर छापलेलाही असतो. त्याची सुरुवात ८९ ने होते, म्हणजे 'हे दूरसंचाराचं कार्ड आहे', आणि आपल्याकडच्या कार्डावर पुढे ९१ येतो, म्हणजे भारत. हा आकडा गुप्त नाही. साबणाच्या वडीवर बॅच नंबर असतो तसा समजा.

दुसरी, आयएमएसआय. हा ग्राहक म्हणून तुमचा नेटवर्कमधला क्रमांक, बहुधा पंधरा आकडी. पहिले तीन आकडे देश सांगतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन किंवा तीन कंपनी आणि तिचा विभाग सांगतात. उरलेले म्हणजे तुम्ही. नेटवर्क तुम्हाला या क्रमांकाने ओळखतं.

तिसरी, गुप्त किल्ली. १२८ बिटांची, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत लिहिली तर ३९ आकडी संख्या होईल. कार्ड तयार होताना कारखान्यात ती आत लिहिली जाते. जगात ही किल्ली दोनच ठिकाणी असते. एक तुमच्या सिममध्ये, आणि दुसरी तुमच्या कंपनीच्या एका खास बंदिस्त यंत्रणेत, जिला ऑथेंटिकेशन सेंटर म्हणतात. तुम्हाला ती माहीत नसते, तुमच्या फोनलाही माहीत नसते, आणि दुकानात सिम देणाऱ्यालाही नसते. 'किल्ली वाचून दाखव' अशी विनंतीच सिमला करता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. किल्लीचा वापर आतल्या आत होतो, बाहेर फक्त निकाल येतो.

या तीन गोष्टींखेरीज बारीकसारीक टिपणं असतात. शेवटी आपण कुठल्या भागात होतो, नेटवर्कने दिलेलं तात्पुरतं नाव काय, कोणत्या नेटवर्कने आपल्याला नकार दिला होता, वगैरे. फोन बंद करून चालू केला की सगळं पहिल्यापासून शोधायला लागू नये म्हणून. जुन्या लोकांना आठवत असेल, शे-दोनशे फोन नंबर आणि थोडे मेसेजही सिमवर साठवता यायचे. आता ते कोणी वापरत नाही.

आता काय नसतं ते सांगतो. हे ऐकून मावशी उडाली होती. तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर सिमच्या ओळखीचा भाग नसतो! म्हणजे, नंबर लिहून ठेवायला एक रकाना आहे, पण तो वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहितो तसा. रिकामा असला किंवा चुकीचा असला तरी नेटवर्कला काही फरक पडत नाही. हा आयएमएसआय म्हणजे अमुक दहा आकडी नंबर, ही जोडी कंपनीच्या संगणकात, ग्राहकांच्या मुख्य नोंदवहीत असते. सिममध्ये नसते.

ही गोष्ट मनात कुठेतरी बाजूला ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

किल्ली न सांगता 'किल्ली आहे' हे कसं पटवायचं?

आता खरा प्रश्न. सिमकडे किल्ली आहे, कंपनीकडे तीच किल्ली आहे. सिमने ती सरळ पाठवून द्यावी, कंपनीने ताडून बघावी, झालं काम. पण मधे हवा आहे. रेडिओचे सिग्नल कोणीही ऐकू शकतो. एकदा किल्ली हवेत गेली की ती सगळ्यांची झाली.

ही नुसती शंका नाही, असं घडून गेलंय. सिम यायच्या आधी अमेरिकेत जे अॅनालॉग मोबाइल होते, ते आपला अनुक्रमांक आणि फोन नंबर तसेच्या तसे हवेत पाठवायचे. नव्वदच्या दशकात चोर रस्त्याच्या कडेला रिसीव्हर घेऊन बसायचे, ते दोन आकडे टिपायचे आणि दुसऱ्या फोनमध्ये भरायचे. बिल मूळ मालकाला. युरोपात जीएसएम आखताना मात्र हे पक्कं ठरलं होतं की गुपित हवेत जाणार नाही. १९९१ मध्ये पहिली सिम कार्डं म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडच्या ऑपरेटरसाठी बनवली, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे.

मावशीला मी हे एका खेळाने समजावलं. म्हटलं, समज आपल्या दोघांत एक गुपित आहे, ४७. ते तिसऱ्या कोणाला माहीत नाही. आता अंधारात कोणीतरी येऊन म्हणालं, "मी मावशी." मी खात्री कशी करू? मी मनाला येईल तो आकडा विचारतो, ८३. तू मनातल्या मनात ४७ गुणिले ८३ कर. ३९०१ येतात. त्यातले मधले दोन आकडे मला सांग. तू म्हणालीस, "९०." मीही माझ्याकडे तोच हिशेब केला, माझंही ९० आलं. म्हणजे तूच. मधे बसून ऐकणाऱ्याने काय ऐकलं? ८३ आणि ९०. त्याने ते पाठ केलं आणि उद्या येऊन "९०" म्हणाला तर चालेल का? नाही. कारण उद्या मी २९ विचारीन. ४७ गुणिले २९ म्हणजे १३६३, उत्तर ३६ हवं. कालचं उत्तर आज शिळं.

मावशी गणिताची शिक्षिका. ती लगेच म्हणाली, "पण मी ऐकणारी असते तर ११ पासून ९९ पर्यंत सगळे आकडे लावून बघितले असते. दोन-तीन प्रश्नोत्तरांत ४७ सापडलं असतं."

बरोबर! आणि म्हणूनच खऱ्या पद्धतीत गुपित दोन आकडी नसून ३९ आकडी आहे. सगळे लावून बघायला विश्वाचं आयुष्य पुरत नाही. आणि साध्या गुणाकाराऐवजी असं मिश्रण केलेलं असतं की उत्तरावरून मागे जाता येत नाही. बाकी खेळ तोच. नेटवर्क एक आकडा विचारतं, सिम किल्ली वापरून उत्तर काढतं, नेटवर्क ते ताडून बघतं.

दुबईच्या विमानतळावरचे काही सेकंद

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका प्रसंगातून बघू. माझा मावसभाऊ कामासाठी दुबईला जातो, सिम भारतातलंच ठेवतो. विमान उतरलं, त्याने फ्लाइट मोड काढला. इथून पुढचं सगळं काही सेकंदांत होतं.

फोन आसपासच्या टॉवरचे सिग्नल शोधतो आणि एका नेटवर्कला म्हणतो, मला आत घ्या. नेटवर्क विचारतं, तू कोण? फोन सिमकडून आयएमएसआय वाचून पाठवतो. दुबईचं नेटवर्क पहिले आकडे बघतं. ४०४. हा भारतातला. पुढचे आकडे बघून त्याला कळतं की भारतातली कोणती कंपनी. मग ते त्या कंपनीला विचारतं, तुमचा एक ग्राहक म्हणवणारा माणूस दारात आलाय, खरा आहे का हे कसं तपासू?

आता भारतातली कंपनी दुबईला किल्ली देत नाही. हे फार सुंदर आहे. ती आपल्या बंदिस्त यंत्रणेत १२८ बिटांचा एक नवा, कसाही उचललेला आकडा तयार करते. हा प्रश्न. मग मावसभावाची किल्ली घेऊन त्याचं उत्तर स्वतःच काढून ठेवते. आणि दुबईला एक पुडकं पाठवते. त्यात चार गोष्टी असतात. हा प्रश्न विचारा, हे उत्तर यायला हवं, प्रश्न आमच्याकडूनच आला हे सिमला पटवणारी ही खूणचिठ्ठी, आणि पुढचं संभाषण कुलूपबंद करायला ही एका भेटीपुरती किल्ली.

दुबईचं नेटवर्क प्रश्न आणि खूणचिठ्ठी हवेतून फोनला पाठवतं. फोन निव्वळ पोस्टमन. तो दोन्ही गोष्टी सिमच्या हातात देतो.

सिम आधी खूणचिठ्ठी बघतं. म्हणजे स्वतःची ओळख देण्याआधी ते समोरच्याची परीक्षा घेतं! खूणचिठ्ठीत किल्ली वापरून काढलेली ६४ बिटांची एक मोहोर असते. सिम आपल्या किल्लीने तोच हिशेब करून बघतं. जुळला नाही तर सरळ नकार, म्हणजे हा प्रश्न माझ्या कंपनीचा नाही. जुळला तर दुसरी तपासणी. खूणचिठ्ठीत एक चढता क्रमांक असतो, बँकेच्या टोकनसारखा. सिम शेवटी कोणता क्रमांक आला होता ते लक्षात ठेवतं. आधी येऊन गेलेला क्रमांक परत आला तर सिम समजतं की कोणीतरी जुना प्रश्न ध्वनिमुद्रित करून परत वाजवतंय. मग ते उत्तर देत नाही, आपला क्रमांक कुठवर आलाय ते झाकून कळवतं, आणि कंपनी खरी असेल तर ती आपला क्रमांक नीट लावून नवा प्रश्न पाठवते.

दोन्ही तपासण्या पार पडल्या की सिम उत्तर काढतं आणि फोनमार्फत पाठवतं. दुबईचं नेटवर्क ते उत्तर पुडक्यातल्या उत्तराशी ताडून बघतं. जुळलं. "आत या." त्याच हिशेबातून सिमने संभाषणाच्या किल्ल्याही काढलेल्या असतात, त्यांवरून फोन पुढचं कुलूप लावतो. लक्षात घ्या, कुलपाची किल्लीसुद्धा हवेतून गेली नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या घरी बनवली. मावसभावाच्या फोनवर दुबईच्या नेटवर्कचं नाव दिसतं आणि पाठोपाठ 'वेलकम' चा मेसेज येतो.

हा जो समोरच्याची परीक्षा घेण्याचा भाग आहे, तो थ्री-जी पासून आला. टू-जी मध्ये फक्त सिमची परीक्षा होती, नेटवर्कची नव्हती. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून फोनला फसवणं सोपं होतं, आणि फोन टू-जीवर उतरला की आजही ते दार उघडं असतं. आणखी एक मर्यादा तुमच्या लक्षात आली असेल. सुरुवातीला आयएमएसआय उघडाच पाठवला गेला. फोर-जीपर्यंत असंच आहे. एकदा ओळख पटली की नेटवर्क तात्पुरतं नाव देतं आणि शक्यतो तेच वापरतं, पण पहिल्या भेटीत खरा क्रमांक ऐकू येऊ शकतो. फाइव्ह-जी मध्ये यावर उपाय केलाय. सिममध्ये कंपनीची एक जाहीर किल्ली ठेवता येते आणि तिने आयएमएसआय झाकून पाठवता येतो.

मग नक्कल कधीच झाली नाही का?

झाली. आणि ती कशी झाली हे कळलं की चोरांनी पुढे रस्ता का बदलला तेही कळतं.

जीएसएमच्या सुरुवातीच्या काळात अनेक कंपन्या उत्तर काढण्यासाठी कॉम्प-१२८ नावाचा हिशेब वापरायच्या. तो हिशेब गुप्त ठेवला होता. १९९८ च्या एप्रिलमध्ये मार्क ब्रिसेनो आणि बर्कली विद्यापीठातले इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी तो तपासला आणि दाखवून दिलं की तो कच्चा आहे. त्यात मिश्रण नीट होत नव्हतं. प्रश्नातले ठरावीक दोनच तुकडे बदलत गेलं, तर कधीतरी दोन वेगळ्या प्रश्नांना सारखंच उत्तर यायचं. असं झालं की त्यावरून किल्लीचे दोन तुकडे ओळखता यायचे. किल्लीचे एकूण सोळा तुकडे. दोन-दोन करत सगळी किल्ली बाहेर.

यासाठी सिमला साधारण दीड लाख प्रश्न विचारावे लागायचे. कार्ड रीडरमध्ये सिम घालून ठेवलं की सुमारे आठ तास. म्हणजे रात्री लावलं की सकाळी किल्ली तयार. ती कोऱ्या कार्डावर लिहिली की झाली नक्कल. पण बघा, यालाही सिम हातात लागतं. आठ तास लागतं. पुढे कंपन्यांनी हिशेब बदलला. आज अनेक ठिकाणी वापरला जाणारा मिलेनाज नावाचा हिशेब बँकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एईएस या पद्धतीवर बांधलेला आहे, आणि तो गुप्त नाही, कोणीही तपासावा म्हणून जाहीर आहे. गुप्त आहे ती फक्त किल्ली. त्या हिशेबाला प्रश्न विचारून किल्ली काढायचा असा रस्ता आजवर सापडलेला नाही.

म्हणजे चिपचं दार बंद झालं. मग चोर खिडकीकडे वळला.

मावशीच्या बाबतीत नेमकं काय झालं?

आता ती बाजूला ठेवलेली गोष्ट परत घ्या. दहा आकडी नंबर सिममध्ये नसतो. तो कंपनीच्या नोंदवहीत आयएमएसआयला जोडलेला असतो. ती जोडणी बदलायची कायदेशीर सोय असावीच लागते. सिम हरवतं, तुटतं, मग तुम्हाला तोच नंबर नव्या कार्डावर हवा असतो. तेव्हा दुकानदार नवं कोरं सिम घेतो. त्यात स्वतःचा आयसीसीआयडी, स्वतःचा आयएमएसआय, स्वतःची किल्ली आधीच असते. कंपनी नोंदवहीत तुमच्या नंबरापुढचा जुना आयएमएसआय खोडून नवा लिहिते. जुनी किल्ली नव्या सिममध्ये जात नाही. तिची गरजच नाही.

त्या काळी काही ठिकाणी ही अदलाबदल मेसेजवरून करता यायची. जुन्या सिमवरून कंपनीला नव्या कार्डाचा वीस आकडी क्रमांक पाठवायचा, विचारलं की 'हो' म्हणायचं. कल्पना चांगली होती. मेसेज जुन्या सिमवरून आला, म्हणजे मालकानेच पाठवला असणार.

मावशीला त्या मुलाने जो "मोठा आकडा" दिला, तो त्याच्या हातातल्या कोऱ्या सिमचा आयसीसीआयडी होता.

आता क्रमाने बघा. मावशीने मेसेज पाठवला. तिच्या फोनमधल्या खऱ्या सिमने खऱ्या किल्लीने आधीच ओळख पटवलेली होती, त्यामुळे नेटवर्कला शंकाच नव्हती की मेसेज तिचा आहे. आणि तो होताच तिचा! कंपनीने विचारलं, नक्की? तिने 'हो' म्हटलं. नोंदवहीत तिच्या नंबरापुढे चोराच्या सिमचा आयएमएसआय लिहिला गेला. चोराने फोन चालू केला. नेटवर्कने प्रश्न विचारला, त्याच्या सिमने आपल्या खऱ्या किल्लीने बरोबर उत्तर दिलं. त्यात काहीही खोटं नव्हतं. नेटवर्कने म्हटलं, या मावशी. तिचं बँकेचं नाव आणि पासवर्ड त्याने आधीच कुठूनतरी मिळवले असणार, अडलं होतं ते ओटीपीपाशी. तो आता त्याच्या फोनवर यायला लागला.

आणि मावशीचं सिम? तिच्या फोनने परत आत यायचा प्रयत्न केला तेव्हा नेटवर्कने सांगितलं, हा आयएमएसआय आमच्या वहीत नाही. असं उत्तर आलं की फोन ते सिम बाद धरतो आणि बंद करून चालू करेपर्यंत पुन्हा विचारतही नाही. तिची किल्ली शाबूत होती. आजही त्या चिपमध्ये शाबूत असेल. फक्त ती ज्या कुलपाची होती ते कुलूप काढून नेलं होतं.

मी हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे सिमने फक्त एवढंच सिद्ध केलं की ते सिम खरं आहे. ते हातात धरणारी बाई कोण, फोनवर तिला कोण काय सांगतंय, ते त्याला काय माहीत."

मंडळी, याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

ओळखायचं कसं, करायचं काय?

नेटवर्क गेलं की प्रत्येक वेळी घाबरायचं कारण नाही. टॉवर बंद पडतात, लिफ्टमध्ये सिग्नल जातो. फरक ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला नेटवर्क आहे का बघा. फोन बंद करून चालू करा. तरीही नेटवर्क नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावा. 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' किंवा 'बंद आहे' असं आलं तर बहुधा साधी अडचण आहे, तरी कंपनीला विचारून घ्या, कारण चोरानेही फोन बंद ठेवलेला असू शकतो. पण समोर रिंग जातेय आणि तुमच्या हातातला फोन गप्प आहे, तर तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर गेलाय. त्या क्षणी आधी बँकेला फोन करून खातं गोठवायला सांगा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि मग सिम कंपनीकडे जा. हा क्रम उलटा करू नका.

२०२२ च्या शेवटी दूरसंचार विभागाने सांगितलं की सिम बदललं की नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवायचे. नवं सिम घेतलं की एक दिवस ओटीपी येत नाही म्हणून आपण वैतागतो ना, ते यासाठीच आहे. तो दिवस जुन्या मालकाला शंका यावी म्हणून दिलेला आहे. मावशीला तो मिळाला नव्हता. तुम्हाला मिळतोय, पण नेटवर्क गेल्यावर "उद्या बघू" म्हटलं तर तो फुकट जातो.

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं की सिमला पिन लावल्याने फायदा होतो का. होतो, पण दुसऱ्या चोरीत. फोन हिसकावून नेला आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर पिन नसताना ते सिम चोराचे प्रश्न निमूटपणे सोडवत बसतं. पिन असेल तर ती दिल्याशिवाय सिम किल्लीला हात लावत नाही. तीन वेळा चुकली की अडतं, मग पीयूके लागतो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. पिन चालू करण्याआधी कंपनीने दिलेली मूळ पिन कोणती ते नक्की करा, अंदाजाने टाकू नका. मात्र मावशीच्या प्रकारात पिनचा काही उपयोग झाला नसता, कारण तिथे सिमला कोणी हातच लावला नव्हता.

शेवटी, कोणी फोनवरून एखादा लांबलचक आकडा कुठेही पाठवायला सांगितला, तर तो आकडा ८९९१ ने सुरू होतोय का बघा. होत असेल तर ते कुठल्यातरी सिमचं नाव आहे, आणि तुम्हाला तुमचा नंबर त्या सिमच्या नावावर करायला सांगितलं जातंय.

मावशीला बँकेकडून काही महिन्यांनी थोडे पैसे परत मिळाले, सगळे नाहीत. ते जुनं सिम तिने टाकलं नाही. देव्हाऱ्याजवळच्या डबीत ठेवलंय. कोणी नातवंडांपैकी आलं की काढून दाखवते आणि विचारते, "सांग, यात माझा नंबर आहे का?"